नणंदेची टसरची साडी

ते दोन हजार बावीस साल होतं. एप्रिल महिना, लग्नसराई ऐन भरात. ब्रह्मपुरीत कॉलेजच्या रस्त्यावर आमचं लाँड्रीचं दुकान उघडून सहा महिने झाले होते. दुकान म्हणजे सुनेचं, रीताचं. मी गल्ल्याजवळच्या खुर्चीवर बसत असे आणि स्वतःला मालकीण समजत असे.

आम्ही वरठी, म्हणजे परीट. माझ्या सासऱ्यांकडे तीस घरं होती, पुढे माझ्या नवऱ्याकडे, नानाजींकडे, ती चाळीस झाली. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर सोड्याची भट्टी लागायची, दगडावर कपडे आपटायचे, आणि वर्षाकाठी घरटी धान मिळायचं. चाळीस घरांचे कपडे एका गाठोड्यात यायचे आणि सुकल्यावर मी मांडी घालून बसले की एकेक उचलून ज्याच्या त्याच्या ढिगावर टाकायची. हे पाटलांचं धोतर, ही मास्तरांच्या पोरीची चोळी, हा गुरवाचा सदरा. कुठे खूण नाही, चिठ्ठी नाही. कापडाची वीण, बाहीची उसवण, वासही सांगायचा. चाळीस वर्षांत एकदाही एका घरचा कपडा दुसऱ्या घरी गेला नाही. नानाजी लोकांना सांगायचे, "आमच्या हिच्या डोस्क्यात कपाट आहे." ते गेले, भट्टी बंद झाली, घराघरात मशिनी आल्या. पण कपाट डोक्यात राहिलं, असं मला वाटत असे.

लाँड्रीची कल्पना रीताची. ती बारावी शिकलेली, पण हिशोब मास्तरणीसारखा. माझा मुलगा अजय भाताच्या गिरणीत हमालांच्या टोळीवर मुकादम होता. त्याला ही कल्पना पटली नव्हती.

"आता कोन कपडे धुवाले देते? सगळ्यायच्या घरी मशीन आहे," तो म्हणाला.

"म्हनूनच," रीता म्हणाली. "साड्या, कोट, ब्लँकेट घरच्या मशीनीत धुता येत नाई. आन कॉलेजच्या पोट्ट्यायले तर पान्याची बादलीही उचलवत नाई."

मशीन शोधायला ती दोनदा नागपूरला गेली. दुकानासाठीचं पंधरा किलोचं नवं मशीन अडीच लाखांच्या घरात. घरगुती मशीन स्वस्त, पण विकणाऱ्यानेच सांगितलं की धंद्याला वापरलं तर वॉरंटी मिळत नाही. लॉकडाऊनमध्ये एक लॉज बंद पडलं होतं, त्यांचं मशीन तिला नव्वद हजारात मिळालं. बेअरिंग बदलून, टेम्पोत घालून आणायला आणखी बारा हजार गेले. वाफेची इस्त्री आणि तिचं टेबल पंचेचाळीस. इथलं बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही आणि पांढरे कपडे मळकट होतात, म्हणून पाणी मऊ करायचं यंत्र, टाकी, वायरिंग. काउंटर, रॅक, डिपॉझिट. सगळं मिळून दोन लाख वीस हजार. अर्धे बँकेचे, बाकीचे तिच्या माहेरचे आणि माझ्या पाटल्यांचे.

ड्रायक्लीनचं मशीन मात्र दहा-बारा लाखांचं. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून रेशमी साड्या आणि कोट दर सोमवारी नागपूरच्या कारखान्यात जात आणि शनिवारी परत येत. कारखाना रेशमी साडीचे एकशे वीस घेई, येण्याजाण्याचे वीस पडत, आम्ही गिऱ्हाइकाकडून एकशे ऐंशी घेत असू. शर्टाचा हिशोब तिने वहीत मांडला होता. साबण दोन रुपये, वीज-पाणी तीन, इस्त्री चार, पिशवी-चिठ्ठी दोन, भाडं आणि हप्त्याचा वाटा पाच. सोळा रुपये खर्च, पंचवीस रुपये भाव.

पहिल्याच दिवशी इसरूभाऊ सुतार शर्ट घेऊन आले. भाव ऐकून शर्ट छातीशी धरून म्हणाले, "पंचवीस? अवो पोरी, हा शर्ट मी बजारातून शंभरात घेतला. चारदा धुतला का शर्टाचे पैसे तुयेच!"

"भाऊ, चारदा धुतला का तो शर्ट राहनारच नाई," रीता म्हणाली. "त्याले घरीच धुवा."

इसरूभाऊ हसले आणि शर्ट देऊन गेले.

कपडे घेताना रीताचे नियम कडक. गिऱ्हाइकासमोरच कपडा उलगडायचा. भोक, डाग, तुटलेलं बटण त्याला दाखवून पावतीवर लिहायचं. रंग जाईल असं वाटलं तर ओला पांढरा कपडा कोपऱ्यावर दाबून बघायचा. मग नंबरची चिठ्ठी दोऱ्याने कपड्याला बांधायची, तोच नंबर पावतीवर, फोन नंबरसकट. पावतीच्या मागे तिने नागपूरच्या दुकानातल्यासारखं छापून घेतलं होतं: कपडा हरवल्यास किंवा खराब झाल्यास धुलाईच्या दहापट भरपाई.

मला हे सगळं पोरखेळ वाटे. ओळखीच्या बाईला पावती द्यायची म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं. मी आपली मधूनमधून तशीच कपडे घेत असे.

त्या एप्रिलमध्ये एका सोमवारी सकाळी रीता बँकेत गेली होती आणि मी एकटी होते. एक पोरगी आली, अठरा-एकोणीसची, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र. आधीही दोनदा तिने ॲप्रन धुवायला आणले होते. "आजी, हे माह्या मोठ्या मायचं पातळ आहे. टसरचं. गावी लगन आहे, शनिवारी पाहिजेच." थोरल्या काकूचं पातळ, आणि मी तिला ओळखत होते, म्हणून घेतलं. पावती नाही, चिठ्ठी नाही. तिच्या मागेच नंदिनीबाई उभ्या होत्या, पोस्टाजवळ शिवणक्लास चालवणाऱ्या. त्यांच्याही हातात टसरच होती, तशीच बदामी. त्यांना मात्र पावती दिली, कारण त्यांनी मागितली; चिठ्ठी रीताने आल्यावर बांधली.

दुपारी गाठोडं बांधताना रीताने विचारलं, "माय, हे बिनचिठ्ठीचं कोनाचं?"

"माह्या ओळखीचं आहे. मी देईन."

"चिठ्ठी बांधू?"

"काऊन? मले का माहीत नाई?"

तिने ते तसंच गाठोड्यात टाकलं. सासूला किती वेळा बोलणार?

शनिवारी कपडे परत आले, तपकिरी कागदात गुंडाळलेले. ती पोरगी धावतच आली. बाहेर वडसा-आरमोरीची काळी-पिवळी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. "आजी, लवकर द्या, जीप सुटते!" मी वरचं पुडकं उचललं, कागदाचा कोपरा बाजूला करून पाहिलं, बदामी टसर दिसली आणि दिलं. तिने पैसे दिले आणि गेली.

बुधवारी सकाळी नंदिनीबाई आल्या. रीताने दुसरं पुडकं उघडलं. नंदिनीबाईंनी साडी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही माही नाई."

"टसरच आहे ना, बाई?"

"काठ हिरवा आहे हिचा. माह्या साडीचा काठ मरून होता, त्याच्यावर देवळाचे कळस विनले होते. कुठी गेली माही साडी?"

रॅक पाहिला, कोट बाजूला केले, टेबलाखाली वाकून पाहिलं. रीताने नागपूरला फोन लावला. ते म्हणाले, अकरा कपडे आले, अकरा पाठवले, मोजून. अजय त्या दिवशी सुट्टीवर होता, दुकानातच बसला होता. रीता काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "बाई, नागपूरले राहिली असन. असं होते. परवा या, मिळून जाईन."

"रविवारी मले पाहिजेच, अजयभाऊ. रविवारच्या बाहेर जमनार नाई."

"मिळते ना, कायले घाबरता."

त्या गेल्या. मी हिरव्या काठाकडे बघत बसले होते. मला सगळं कळलं होतं. त्या पोरीचा आवाज आठवत होता, निळी फीत आठवत होती, जीपचा हॉर्न आठवत होता. फक्त तिचं नाव मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

रीता वही उघडून पुन्हा पुन्हा नंबर लावत होती. "नंदिनीबाईची दोनशे चौदा मीच बांधली होती. दोरा ढिला राहिला असन का माह्या हातून?" ती स्वतःशीच म्हणाली. अजय म्हणाला, "तुयं लक्ष नसते. फोनवर बोलत बांधत असशीन." तिने मान खाली घातली आणि मला तिचे कान लाल झालेले दिसले.

ते मला सहन झालं नाही. आणि तरीही, खरं सांगते, मी तासभर तोंड उघडलं नाही. वाटत होतं, कबूल केलं की ही खुर्ची गेली. मग घरी बसून भाजी निवडायची. चाळीस घरांची कीर्ती एका साडीत बुडाली म्हणून लोक हसतील. दुपारी अजय जेवायला घरी गेला तेव्हा मी म्हणाले, "रीता, माह्या हातून गेली. त्या बिनचिठ्ठीवाल्या पोरीले मीच देली. न पाहता."

तिने वही मिटली. ओरडेल, असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माय, हे सकाळीच सांगतलं असतं तर नंदिनीबाईले खोटं नसतं बोललो," ती एवढंच म्हणाली. मग दुकानाचं शटर ओढलं आणि स्कूटी काढली. "बसा मागं."

"कुठी?"

"नंदिनीबाईकडे. खरं ते आताच सांगू."

"अजय म्हनते तसं दोन दिवस थांबलो तर?"

"दोन दिवसांनी पुन्हा दोन दिवस. आपल्या लोकायची सगळी बदनामी याच 'उद्या या'नं झाली आहे, माय."

नंदिनीबाई शिवणक्लासातच होत्या. रीताने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, माझी चूक आहे हेही. नंदिनीबाईंनी पायमशीनचं चाक हाताने थांबवलं. मग भडकल्या. "नागपूरले राहिली म्हनून सांगता! मी सकाळपासून... अवो, ती साडी माही नाई! माह्या नणंदेची आहे! माह्या भावाच्या साखरपुड्याले मागून आनली होती. रविवारी ती येनार आहे, तिच्या हातात द्यायची आहे. तुम्हाले माही नणंद माहीत नाई. मी तिच्याकडून वाटी मागितली तरी सहा महिने आठवन करून देते!"

"बाई, पावतीवर दहापट लिहिलं आहे," रीता म्हणाली, "म्हनजे अठराशे..."

"अठराशे! साडेनऊ हजाराची साडी आहे! अठराशे नणंदेच्या हातावर ठेवू का?"

"तेच सांगून राह्यली. ते छापलेलं माह्यासाठी राहू द्या. साडी सापडली नाई तर मी पुरी किंमत देईन. हप्त्यानं देईन, पन पुरी देईन."

मला चटका बसला. साडेनऊ हजार म्हणजे दोन महिन्यांची शिल्लक. पण नंदिनीबाईंचा आवाज खाली आला. त्या पोरीबद्दल विचारू लागल्या. मी सांगितलं: बारीक पोरगी, लगन आहे म्हणत होती, निळी फीत.

"निळी?" नंदिनीबाई उठून उभ्या राहिल्या. "अवो, ती माह्या पुढंच उभी नव्हती का! मीच तिले विचारलं, तुयं टसर कुठचं, तं म्हने नागभीडच्या विणकरायकडचं. माहं पन तिथलंच. निळी फीत तं नर्सिंग कॉलेजची! माह्या क्लासच्या दोन पोरी तिथी शिकतात."

आम्ही तिघी स्कूटीवर मावत नव्हतो, म्हणून नंदिनीबाई रिक्षाने आल्या आणि आमच्या आधी पोहोचल्या. कॉलेजच्या वसतिगृहाच्या बाईंना वर्णन सांगताच त्या म्हणाल्या, "निशा. अहेरीकडची. लग्नाला गेली आहे." त्यांनी फोन लावून दिला.

निशाने फोन उचलला आणि आमच्या आधी तीच रडायला लागली. पुडकं कालच उघडलं होतं. मोठी माय, रुखमाबाई, तिला रागावली होती. दुकानाचा नंबर नाही, पावती नाही, कुणाला फोन करणार? मग पलीकडून जाड आवाज आला. रुखमाबाईंनी फोन हिसकावून घेतला होता.

"तुमच्या दुकानात कपडे धुते का बदलते, बाई?"

रीता म्हणाली, "चूक झाली, मोठी माय. तुमचं पातळ आमच्याजवळ आहे, जसंच्या तसं. त्यांचं...?"

"घडी मोडली नाई. परक्याचं पातळ मी अंगाले लावत नाई. माह्या पोराचं, अंकुशचं लगन शुक्रवारी आहे. मांडवात मी लुगडं नेसून फिरू का?"

मी फोन घेतला. "रुखमाबाई, मी बुढी बोलून राह्यली. चूक माही. उद्या तुमचं पातळ घेऊन मी स्वतः येते."

रीता म्हणाली, मी जाते. अजय म्हणाला, कंडक्टरजवळ पाठवून देऊ. मी कोणाचं ऐकलं नाही. गुरुवारी सकाळी साडेसहाच्या एसटीने गडचिरोली, तिथून दुसरी बस. आलापल्लीच्या अलीकडे रस्ता दोन्हीकडच्या सागांमधून जातो, पानं गळलेली, ऊन थेट डोक्यावर. पुडकं मी मांडीवरून खाली ठेवलं नाही. शेजारच्या बाईने विचारलं, "बाळंतपनाले चालल्या का, पोरीच्या?" मी म्हणाले, "हो, तसंच समजा."

अहेरीच्या स्टँडवर निशा आणि तिची मोठी माय उभ्या होत्या. रुखमाबाई माझ्याएवढ्याच वयाच्या, पण ताठ. आधी पुडकं उघडलं, हिरवा काठ पाहिला, काठावर बोट फिरवलं. मग पदराखालचं पुडकं माझ्याकडे दिलं. मी ते तिथेच स्टँडच्या बाकावर उलगडलं. मरून काठ, कळस, एक डाग नाही. मी घडी पुन्हा घातली आणि बाकावरच बसले.

"आता बसता काऊन? चला घरी, हळद लागून राह्यली," रुखमाबाई म्हणाल्या. "सहा घंटे बस खाल्ली, आन तशाच परतता? आमच्या इथी असं जमत नाई."

"साडीले हळद लागन."

"साडी कोठीत ठेवा. कुलूप लावून चावी तुमच्या कनवटीले. झालं?"

मी गेले. निशाने लिहून दिलेला तिचा फोन नंबर मी चोळीत जपून ठेवला. रात्री मांडवात ढोल वाजला, मी खाटेवर बसून भात खाल्ला आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. शुक्रवारी संध्याकाळी ब्रह्मपुरीला उतरले तेव्हा रीता स्टँडवर होती. पुडकं हातात घेतलं, काठ पाहिला आणि मग तिने मला मिठी मारली. ती मिठी मारणारी सून नाही. आम्ही दोघी भर स्टँडवर रडलो आणि मग हसलो, कारण नंदिनीबाई मागून धावत येत होत्या आणि एक चप्पल वाटेतच राहिली होती.

शनिवारी रीताने मला काय करायचं ते सांगितलं. खुर्ची माझीच राहील, पण पावतीशिवाय कपडा घ्यायचा नाही आणि पावतीशिवाय द्यायचा नाही. पावती हरवली असेल तर फोन नंबर जुळवायचा, आणि गिऱ्हाइकासमोर पुडकं पूर्ण उघडायचं. पावतीमागच्या दहापटीच्या ओळीखाली तिने एक रकाना वाढवला: महाग कपड्याची किंमत आधीच लिहून घ्यायची. आणि दर कपड्यामागे एक रुपया बाजूला ठेवायला सुरुवात केली, नुकसानीसाठी. शर्ट सव्वीस रुपये झाला. इसरूभाऊंनी रुपयासाठी भांडण केलं आणि मग दिला.

त्याला आता तीन वर्षं झाली. नंदिनीबाईंच्या नणंदेला साडी रविवारी मिळाली आणि तिने ती पलटून पलटून पाहिली. तिला यातलं काही कळलं नाही. नंतर नंदिनीबाईंनीच एका दिवाळीला तिला सांगून टाकलं, आणि नणंद इतकी हसली की दोघींचं आता बरं चालतं. निशा गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स आहे. रुखमाबाईंना मागच्या पावसाळ्यात नातू झाला. अंकुशने फोन करून कळवलं. अजयने गिरणी सोडली आणि तो आता दर सोमवारी स्वतः नागपूरला कपडे घेऊन जातो, आणि परतल्यावर अकरा असोत की पन्नास, दोनदा मोजतो. रीताने यंदा दुसरं मशीन घेतलं, नवं, बँकेचं पहिलं कर्ज फेडून. इसरूभाऊ वारले, त्यांच्या मुलाने त्यांचा कोट शेवटचा धुवायला आणला तेव्हा रीताने पैसे घेतले नाहीत. माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं. खुर्चीवर अजून बसते. शिकाऊ पोरींना इस्त्री शिकवते, आणि बोडीवरच्या भट्टीच्या गोष्टी सांगते, त्यांनी विचारल्या तर.